बरुवा, बोडुआ आणि न दिसणारा र

प्रश्न: आसामी आणि बंगालीची लिपी एकच आहे ना? मग फोनमध्ये दोन वेगळे कीबोर्ड कशाला? मी बंगाली कीबोर्डवरून आसामी मैत्रिणीचं बरुवा हे आडनाव टाइप केलं तर ती म्हणते हे चुकलंय.

लिपी एकच हे बरोबर, पण मैत्रीणही बरोबर आहे. तिचं आडनाव नेमकं असं आहे की त्यात दोन्ही भांडणाची अक्षरं येतात. आसामीत ते বৰুৱা असं लिहितात. पहिला ব म्हणजे ब, तो दोघांचा सारखाच. पण र लिहायला बंगाली माणूस या ব च्याच आकाराखाली ठिपका देतो (র) आणि आसामी माणूस पोटात तिरकी रेघ मारतो (ৰ). आणि शेवटचा ৱ म्हणजे व, तो बंगालीत नाहीच, तिथे व चा उच्चार आला की ওয় असं जोडकाम करून भागवतात. त्यामुळे तुम्ही बंगाली कीबोर्डवर जवळचं म्हणून ब दाबला असणार आणि ते झालं 'बरुबा'. गंमत म्हणजे बंगालीतही हे आडनाव आहे, पण ते বড়ুয়া, म्हणजे त्यात ड खाली ठिपकावाला ड़. वाचायला साधारण बोडुआ. ते तिला नकोच असणार.

आता आपण मराठीवाले म्हणू की अहो आपला ल आणि हिंदीचा ल पण वेगळा दिसतो, आपण कुठे वेगळं अक्षर मागतो? तिथेच फरक आहे. ल चा युनिकोड नंबर, म्हणजे कंप्युटर ज्या नंबराने अक्षर ओळखतो तो, एकच असतो, मजकूर मराठी आहे असं सांगितलं आणि फॉन्टमध्ये सोय असली की फॉन्ट नुसता आकार बदलतो. ৰ चं तसं नाही. त्याला स्वतःचा नंबर दिलाय, U+09F0, आणि ৱ ला U+09F1. दोन्ही 'बंगाली' नावाच्या ब्लॉकमध्येच, म्हणजे नंबरांच्या त्याच गटात, पण वर्णमालेच्या ओळीत नाही, अंक संपतात त्याच्या लगेच पुढे. म्हणजे नुसत्या नंबराने यादी लावली की र ने सुरू होणारी सगळी आसामी नावं ह च्याही खाली जाऊन बसतात. म्हणून क्रम लावायचे नियम भाषेप्रमाणे वेगळे द्यावे लागतात, शिवाय आसामी वर्णमालेत ক্ষ (आपला क्ष) हे ह च्या नंतरचं स्वतंत्र अक्षर धरतात आणि बंगाली कोशात ते क मध्येच सापडतं.

पण खरी फजिती रफारात होते. र चा रफार झाला की ठिपकाही जातो आणि रेघही जाते, वर उरतो तो दोघांचा सारखाच फराटा. शर्मा हे आडनाव घ्या, पहिली ओळ आसामी, दुसरी बंगाली:

```
শৰ্মা  U+09B6 U+09F0 U+09CD U+09AE U+09BE
শর্মা  U+09B6 U+09B0 U+09CD U+09AE U+09BE
```

डोळे फाडून बघा, फरक दिसणार नाही. पण कंप्युटरसाठी हे दोन वेगळे शब्द, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर दोन प्रकारे साठवलेलं असेल तर ते एकसारखं करायची सोय, चालवलं तरी ते एक होत नाहीत. मला एकदा आसामातल्या लोकांची यादी आली होती त्यात निम्म्या नोंदी कोणीतरी बंगाली कीबोर्डवर भरलेल्या, मी शर्मा शोधतोय आणि समोर दिसणारा शर्माच सापडत नाहीये, अर्धा तास गेला! ओळखायची साधी युक्ती म्हणजे शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून एकेक बॅकस्पेस मारायचा. काना गेला, म गेला की रफाराला बसायला अक्षर उरत नाही, मग र खाली उतरतो आणि ठिपका आहे की रेघ ते कळतं.

फॉन्टवाल्यांनाही इथेच काम पडतं. नुसती ৰ ची आकृती काढून भागत नाही, रफार आणि क्र-प्र सारख्या जोडाक्षरांचे नियम র आणि ৰ दोघांसाठी लिहावे लागतात. ज्या फॉन्टमध्ये ते फक्त র साठी लिहिलेत तिथे শৰ্মা मध्ये रफार होतच नाही, मधेच पाय मोडका ৰ্ उभा राहतो. बंगाली वाचणाऱ्याला तो फॉन्ट एकदम ठीक वाटतो कारण त्याच्या मजकुरात हे कधी येतच नाही.

कीबोर्डचं म्हणाल तर इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या ठरलेल्या लेआउटमध्ये j वर र असतो, आसामी लेआउटमध्ये त्याच j वर ৰ आणि b वर ৱ. कळ तीच, आत जाणारा नंबर वेगळा.

ब्लॉकचं नाव नुसतं 'बंगाली' का, यावर आसामात राग आहे आणि तो मला समजतो, 1836 ते 1873 तिथल्या कोर्टात आणि शाळांत बंगालीच चालवली होती. पण युनिकोडमध्ये एकदा दिलेली नावं बदलत नाहीत असा नियमच आहे. तुम्ही फोनमध्ये असमिया कीबोर्ड टाका आणि आडनाव परत लिहा, जुनं खोडून, नुसतं दुरुस्त करायला जाल तर एखादा बंगाली र मधे राहून जाईल.