'मेहनतीचं चीज झालं'च्या पुढे काय लिहायचं?

प्रश्न: माझ्या मैत्रिणीला प्रमोशन मिळालंय, गोदामात शिफ्ट सुपरवायझर झाली. मागच्या वर्षी हुकलं होतं तिचं. नुसतं 'अभिनंदन, नवीन पदासाठी शुभेच्छा' पाठवायचं नाहीये, तिने जे केलंय ते पण त्यात यावं. नवीन स्कॅनर आले होते तेव्हा घरी येऊन रात्री कागदावर स्टेप्स लिहीत बसायची, एवढं मला माहितीय. पण लिहायला घेतलं की 'तुझ्या मेहनतीचं चीज झालं' इथेच गाडी अडते. कसं लिहू?

उत्तर: अहो, तुमच्याकडे मेसेज ऑलरेडी आहे, तुम्ही तो प्रश्नात लिहून टाकलाय. रात्री कागदावर स्टेप्स लिहिणं, हेच. गाडी अडते कारण आपण त्या कागदावरून उडी मारून थेट 'मेहनत' या शब्दावर जातो, आणि तो शब्द एवढा वापरून गुळगुळीत झालाय की त्यात आता काही दिसतच नाही. मी एक साधी टेस्ट करतो, लिहिलेला मेसेज वाचायचा आणि बघायचं की वरचं नाव बदलून हा दुसऱ्या कुणाला पाठवता येईल का. 'तुझ्या मेहनतीचं चीज झालं' हे दहावी पास झालेल्या पुतण्यालाही चालेल. कागदावरच्या स्टेप्स फक्त हिलाच.

पण आधी एक धोक्याची गोष्ट सांगतो, कारण मी स्वतः यात तोंडावर आपटलोय. एका मित्राला प्रमोशन मिळालं तेव्हा मी मोठ्या प्रेमाने लांबलचक लिहिलं, की तू किती राबलास, सुट्ट्या घेतल्या नाहीस, रात्री दहा दहा वाजेपर्यंत बसायचास, घरच्यांना वेळ दिला नाहीस, त्याचं फळ मिळालं. त्याचं उत्तर आलं 'थँक्स रे'. बस. खूप दिवसांनी बोलता बोलता म्हणाला की तुझा मेसेज वाचून वाटलं मी म्हणजे घाण्याचा बैल, डोकं नाही पण जोर आहे, आणि वर घरच्यांचा विषय काढून तू जखमेवर बोट ठेवलंस ते वेगळंच. मला तेव्हा कळलं की मेहनतीचं कौतुक करताना आपण तास मोजतो, आणि तास मोजले की समोरच्याला कौतुकापेक्षा कीव जास्त ऐकू येते.

अवांतर: लहान मुलांच्या बाबतीत यावर एक गाजलेला अभ्यास आहे, 1998 सालचा, म्युलर आणि ड्वेक या दोघींचा. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली, मग काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं आणि काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हटलं. नंतर अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशार म्हटलेली मुलं लवकर ढेपाळली, मेहनतीचं कौतुक झालेली जास्त टिकली. आता हे वाचून लोक मोठ्या माणसांनाही सरसकट 'मेहनती' म्हणत सुटतात आणि तिथे घोळ होतो, कारण ऑफिसात 'खूप मेहनती आहे हो' हे वाक्य कित्येकदा 'फार हुशार नाही, पण' असं म्हणायचं सभ्य रूप असतं. आपल्या सगळ्यांना ते माहिती आहे, तुमच्या मैत्रिणीलाही असणार.

मग करायचं काय, तर तास सोडायचे आणि तिने काय ठरवलं ते पकडायचं. म्हणजे असा एखादा प्रसंग शोधायचा जिथे सोपा रस्ता समोर होता, कुणी काही म्हटलंही नसतं, आणि तरी तिने तो घेतला नाही. तुमच्या उदाहरणात बघा, स्कॅनर तिला स्वतःला जमला असणार, नाहीतर स्टेप्स कुठून लिहिल्या असत्या? म्हणजे तिचं काम झालं होतं. कागद बाकीच्यांसाठी होते. सांगितलं कुणी होतं का लिहायला? बहुतेक नाही. हे आलं की मेसेजमध्ये मेहनत पण येते, डोकं पण येतं, आणि सुपरवायझर का झाली तेही न सांगता कळतं.

हे थोडं अजून जवळून आठवायचा प्रयत्न करा. तुमचं तिचं जुनं चॅट उघडा, सर्चमध्ये 'स्कॅनर' टाका, मग 'वैताग' किंवा 'उद्या सांगते' असलं ती नेहमी वापरते ते काहीतरी टाका. त्या दिवसांतलं तिचं एखादं वाक्य सापडलं तर सोनं आहे. मला एकदा मैत्रिणीचा रात्री अकराचा मेसेज सापडला होता, 'आज परत पहिल्यापासून, पण आता कळलंय कुठे चुकतंय'. मी तो तसाच तिला परत पाठवला आणि खाली दोन ओळी लिहिल्या, त्यापेक्षा चांगलं मला काही लिहिताच आलं नसतं. ती स्वतः विसरून गेली होती तो दिवस.

आता तुमचा मेसेज. मी पहिला ड्राफ्ट असा लिहीन, धरून चाला की स्टेप्स ती तुम्हाला फोनवर वाचून दाखवायची (नसेल तसं तर जे खरं असेल ते घाला, प्लीज बनवून काही लिहू नका, तिला लगेच कळेल):

'अगं अभिनंदन!! मला सारखे ते स्कॅनरचे कागद आठवतायत. तुला पहिल्या दोन दिवसांत जमलं होतं, तरी रात्री बसून सगळ्यांसाठी स्टेप्स लिहायचीस आणि मला फोनवर वाचून दाखवायचीस, मला कळलं नाही की ती ओळ खोडून परत लिहायचीस. माझा गोदामाशी काय संबंध, पण म्हणायचीस तुला कळलं तर सगळ्यांना कळेल. तू तेव्हाच सुपरवायझर होतीस, नाव आत्ता मिळालं. खूप अभिमान वाटतो तुझा, अशीच पुढे जात राहा!'

वाईट नाहीये, पण शेवटच्या दोन ओळी मी काढेन. 'तू तेव्हाच सुपरवायझर होतीस' हे वाक्य लिहिताना आपल्याला फार भारी वाटतं, पण ते सिरियलमधलं आहे, आणि वरचा प्रसंग नीट सांगितला असेल तर तिला ते आपोआप कळतंय. आणि 'अशीच पुढे जात राहा' म्हणजे कालच एक डोंगर चढून आलेल्या माणसाला पुढचा डोंगर दाखवणं. आज ती पोचलीये तर आज तिला तिथे बसू द्या. 'अभिमान वाटतो' मैत्रिणी-मैत्रिणींत चालतं, तुमच्या तोंडी ते नेहमी असेल तर ठेवा, नसेल तर 'मला एवढा आनंद झालाय ना' हे जास्त खरं वाटेल.

मागच्या वर्षीचं हुकणं घालायचं की नाही, हा जरा नाजूक भाग आहे. माझं मत, घालायचं, पण एकाच वाक्यात, आणि हुकल्यानंतर तिने काय केलं त्या बाजूने. 'शेवटी एकदाचं मिळालं' नको, त्यात उशीर ऐकू येतो. 'खरं तर मागच्याच वर्षी मिळायला हवं होतं' हे आपण बाजू घेऊन बोलतो, पण त्याने तिचा आनंद सोडून जुना राग वर येतो, आणि ज्यांनी तेव्हा नाही म्हटलं त्यांच्याच सोबत तिला उद्यापासून काम करायचंय. 'हे तर होणारच होतं, मला माहिती होतं' हे सगळ्यात फसवं, ऐकायला कौतुक वाटतं पण होणारच होतं तर मग तिने केलं काय? मधलं ते अख्खं वर्ष त्यात पुसलं जातं. त्यापेक्षा तुम्ही जे बघितलंय तेवढंच, म्हणजे मागच्या वर्षी नाही झालं तेव्हा दोन दिवस गप्प होतीस आणि तिसऱ्या दिवशी नवीन आलेल्या पोरीला काम शिकवत होतीस, ते मी विसरले नाहीये. असं काही असेल तर. नसेल, किंवा ती त्या विषयावर अजून बोलत नसेल, तर सरळ गाळा.

आणि हे सगळं तिला एकटीला पाठवा हं. ग्रुपवर 'वा वा, अभिनंदन सुपरवायझर मॅडम' एवढंच. हुकलेलं प्रमोशन, रात्रीची जागरणं, हे ती कुणाकुणाला सांगून बसलीये आपल्याला माहिती नसतं, आणि ग्रुपमध्ये तिच्याच कामावरचं कुणी असेल, ज्याला हे पद मिळालं नाही असंही कुणी असेल, तर तुमचा प्रेमाचा मेसेज तिला निस्तरावा लागतो. बातमी कळल्या कळल्या एक ओळ टाकून द्यायची आणि लांब मेसेज रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी तिच्या फोनवर अभिनंदनांचा ढीग असतो, सगळ्यांना एकच हात जोडलेला इमोजी जातो, तुमचा पण त्यातच जाईल.

'पार्टी कधी' आणि 'आता आम्हाला विसरू नको' ही दोन वाक्यं निदान या मेसेजमध्ये तरी नकोत. वाईट काही नाही त्यात, पण दोन्हीत मेसेज तिच्यावरून उठून आपल्यावर येतो. पार्टी फोनवर मागा, मी पण मागतोच.

एक मर्यादा पण आहे याला. समजा तुम्ही तिचं काम जवळून बघितलंच नसतं, फक्त शाळेपासूनची मैत्रीण असती, तर असा प्रसंग जमवायला जाऊ नये. तेव्हा सरळ लिहावं की मला बाहेरून एवढंच दिसायचं की तुझा फोन उशिरा यायचा आणि आवाज दमलेला असायचा, आत काय चाललं होतं ते भेटलीस की मला सांग, मला ऐकायचंय. हे पण मेहनतीचंच कौतुक झालं, उलट कधी कधी जास्त, कारण बाकी सगळे नवीन पगार आणि नवीन खुर्ची विचारतात, हे कुणी विचारत नाही.

तर माझ्या हिशोबाने फायनल असं, तुमच्या बोलीत फिरवून घ्या:

'अगं अभिनंदन!! बातमी कळल्यापासून मला ते स्कॅनरचे कागद आठवतायत. तुला स्वतःला दोन दिवसांत जमलं होतं, तरी रात्री बसून सगळ्यांसाठी स्टेप्स लिहायचीस आणि मला वाचून दाखवायचीस, मला कळलं नाही की ती ओळ खोडून परत लिहायचीस. कुणी सांगितलं पण नव्हतं तुला. आणि मागच्या वर्षी नाही झालं तेव्हाही नवीन पोरीला शिकवणं थांबवलं नाहीस. मला एवढा आनंद झालाय ना! ते कागद अजून आहेत का गं कुठे?'

शेवटचा प्रश्न मुद्दाम ठेवलाय. 'थँक्यू डिअर' एवढ्यावर तिला सुटता येणार नाही, कागद कुठे आहेत ते सांगायला लागेल, आणि बहुतेक ती फोनच करेल.