शिंग, लाकूड आणि कंडरेचं धनुष्य कसं बनवायचे? ते साध्या लाकडी धनुष्यापेक्षा लांब कसं मारायचं?

तुर्की धनुष्य घ्या. मधे मेपलची पातळ पट्टी, तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीचं शिंग, पलीकडे जनावराच्या पायाची कंडरा कुटून काढलेले तंतू, सरसात भिजवून थराथराने बसवलेले. शिंग आणि लाकडावर आधी बारीक खाचा पाडत, म्हणजे सरस धरतो. मग वाळायला कित्येक महिने. घाई केली की थर सुटलेच!

ओढताना शिंग दाब सोसतं, तंतू ताण. एवढं आखूड नुसतं लाकूड इतकं वाकवलं तर मोडेल. दोरी उतरवली की हे धनुष्य उलटं वळतं, म्हणून दोरी चढवतानाच त्यात भरपूर ताण साठतो. सोडल्यावर धनुष्याच्या हलक्या भुजा झटकन परततात आणि जास्त ऊर्जा बाणाला मिळते. बाण जड असेल तर हा फायदा घटतो. दमट हवा मात्र सरसाची वैरी.