मित्राच्या धंद्याला दिलेली रक्कम : कर्ज की भागीदारी?

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. अंबडला वर्कशॉप असलेल्या मित्राला 20 ऑगस्ट 2023 रोजी बँकेतून 6 लाख रुपये दिले. लिखापढी नाही. दरमहा 9,000 रुपये तो वर्षभर देत होता, मग बंद झाले. आता म्हणतो, "धंदा तोट्यात गेला, तूही गुंतवणूकदार होतास, तोटा तुझाही." जास्त बोललो तर सावकारीची तक्रार करीन म्हणतो. हे पैसे परत मिळतील का? आणि उरलेली पुंजी अनोळखी माणसांना थेट कर्ज देण्याच्या पी-टू-पी ॲपवर लावावी का?

उत्तर : आपल्या मित्राने घेतलेला बचाव नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या आमच्या न्यायालयात नवा नाही. देणारा बोलताना "गुंतवले" म्हणतो, घेणारा तोच शब्द पुढे पकडून ठेवतो. आपण पैसे पाठवताना बँकेच्या शेऱ्यात INVESTMENT असे टाकले असेल, तर तो उतारा पहिल्याच तारखेला आपल्यासमोर येईल, हे गृहीत धरा. तथापि शब्दावरून नाते ठरत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 6 नुसार, धंद्यातील नफ्याचा वाटा मिळतो एवढ्यावरून पैसे उसने देणारा भागीदार ठरत नाही. आपल्याला तर नफ्याचा वाटाही मिळत नव्हता. धंदा चालो वा न चालो, ठरावीक 9,000 रुपये, म्हणजे सालीना 18 टक्के मिळत होते. हे व्याजाचेच लक्षण आहे.

पुरावा शोधताना आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडा. "या महिन्याचं व्याज टाकलंय" असा एखादा साधा संदेश पुष्कळदा मोठमोठ्या कागदांपेक्षा कामाचा ठरतो. तो पुसू नका, फोन बदलू नका, कारण न्यायालयात तो दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यानंतर प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरील, आपल्या नावे कापलेल्या कराचा तपशील देणारा फॉर्म 26AS पाहा. मित्राने त्या रकमेवर व्याज म्हणून टीडीएस कापला असेल, तर भागीदारीचा मुद्दा त्याच्याच हाताने निकालात निघाला.

मात्र माझी खरी काळजी तारखेची आहे. परतफेडीचा दिवस ठरलेला नसताना दिलेल्या उसन्या रकमेच्या वसुलीसाठी दावा दाखल करण्याची मुदत, पैसे दिल्याच्या दिवसापासून तीन वर्षे असते. मागणी केल्यापासून किंवा हप्ता थांबल्यापासून नव्हे. म्हणजे आपली मुदत 20 ऑगस्ट 2026 ला संपते. मधल्या काळात व्याज मिळाले म्हणून मुदत आपोआप वाढली, असे समजू नका. त्यासाठी त्या भरण्याची नोंद मित्राच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी असावी लागते, आणि नुसत्या बँक नोंदीवर विसंबणे वादाला आमंत्रण आहे. म्हणून मित्राकडून, बोलणे अजून शिल्लक असेल तर, मुदत संपण्याआधी एकच कागद मिळवा : "20 ऑगस्ट 2023 रोजी घेतलेल्या कर्जापैकी मुद्दल 6 लाख रुपये मी देणे लागतो, ते अमुक तारखेपर्यंत फेडीन", खाली तारीख आणि सही. त्या सहीच्या दिवसापासून नवी तीन वर्षे सुरू होतात आणि पुढे दावा संक्षिप्त, म्हणजे झटपट पद्धतीने चालवण्याची वाटही मोकळी होते. तो सही करत नसेल, तर नोटीस-प्रतिनोटिशीत महिने घालवू नका. नोटिशीने मुदत थांबत नाही. दावा दाखल झाला तरच आपण मुदतीत असता.

सावकारीच्या धमकीबाबत थोडे स्पष्ट बोलतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 सावकारीच्या व्यवसायाला लागू होतो; ओळखीच्या एका माणसाला एकदा दिलेली रक्कम हा व्यवसाय नव्हे. परंतु आणखी दोघा-चौघांना आपण व्याजाने पैसे दिले असतील, तर ते आपल्या वकिलांना आजच सांगा. परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देऊ शकत नाही, आणि ही गोष्ट उलटतपासणीत बाहेर येण्याइतके वाईट दुसरे काही नाही.

पी-टू-पी ॲपवर निदान कागद तयार मिळतो, परंतु जोखीम जात नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार एका कर्जदाराला एक व्यक्ती 50,000 रुपयांपेक्षा जास्त देऊ शकत नाही, म्हणून आपले 6 लाख किमान बारा अनोळखी माणसांत वाटले गेले असते, तेही विनातारण. करार आपला आणि त्या कर्जदाराचा असतो. ॲप चालवणारी कंपनी वसुलीला साहाय्य करते, बुडालेली रक्कम भरून देत नाही. काही कंपन्या हेच "हवे तेव्हा पैसे काढा" म्हणून मुदत ठेवीसारखे विकत होत्या. ऑगस्ट 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला मनाई केली. बँकेतील ठेवीवरचे 5 लाखांचे विमा संरक्षण येथे नाही. बारापैकी दोघांनी हात वर केले, तर लाखभर रुपयांसाठी दोन वेगवेगळ्या गावांत दावे लावावे लागतील, आणि त्यांचा खर्च धरून हिशोब केल्याशिवाय उरलेली पुंजी तिथे टाकू नये, असे माझे मत आहे.