पाटीवरची मोडकी अक्षरे आणि टंकलेल्या खऱ्या अक्षरांची जोडणी

प्रश्न : आमच्या घरगुती निवासाच्या फोटोतील जुनी पाटी एआयच्या इनपेंटिंगने पुसली आणि तिथे नवे नाव लिहायला सांगितले, तर देवनागरीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरे उमटली. असे का होते, आणि खरी अक्षरे त्या जागी कशी घालावीत?

उत्तर : मी रत्नागिरीत राहतो आणि किनाऱ्यावरच्या लहान निवासांचे फोटो, पाट्या व दरपत्रके तयार करून देतो. गुहागरजवळच्या एका घराचे काम करताना मला हीच अडचण आली होती, म्हणून त्याच उदाहरणावरून सांगतो. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीवर निळी लाकडी पाटी होती आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात दोन ओळी हव्या होत्या : ‘निवास व न्याहारी’ आणि ‘समुद्रकिनाऱ्यालगत’.

इनपेंटिंगचे मॉडेल अक्षर लिहीत नाही. मास्क केलेल्या, म्हणजे बदलण्यासाठी आखून दिलेल्या, जागेत ते आधी निव्वळ गोंगाट भरते आणि तो टप्प्याटप्प्याने निवळत, आजूबाजूच्या चित्राला शोभेल असा पोत घडवते. चिऱ्याच्या भिंतीत एखादा खड्डा इकडचा तिकडे झाला तर ते कोणाला कळत नाही. पण काना किंवा वेलांटी सरकली की शब्दच नाहीसा होतो. शिवाय हे काम प्रत्यक्ष पिक्सेलवर चालत नाही. स्टेबल डिफ्यूजन १.५ या चित्रे बनवणाऱ्या मॉडेलमध्ये ५१२ × ५१२ पिक्सेलचे चित्र आधी ६४ × ६४ घरांत दाबले जाते, म्हणजे ८ × ८ पिक्सेलच्या प्रत्येक तुकड्यासाठी, जिथे मुळात रंगाचे १९२ आकडे असतात, केवळ चार आकडे उरतात. आमच्या फोटोत पाटीने रुंदीचा चौथा हिस्सा व्यापला होता, म्हणजे ५१२ पैकी १२८ पिक्सेल. ‘समुद्रकिनाऱ्यालगत’ या शब्दात नऊ अक्षरे आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम १४ पिक्सेल, म्हणजे दोन घरेसुद्धा आली नाहीत. इतक्या जागेत शिरोरेषा कशीबशी टिकते, कारण ती लांब आणि सरळ असते. ‘द्र’ची खालची रेघ किंवा ‘कि’ची वेलांटी टिकण्याची सोयच राहत नाही. म्हणूनच लांबून ते देवनागरी वाटते आणि जवळ गेल्यावर वाचता येत नाही.

दुसरे कारण सूचनेच्या बाजूला आहे. आपण टंकलेला शब्द मॉडेलपर्यंत अक्षरे म्हणून पोहोचत नाही, तर टोकन नावाच्या तुकड्यांत तोडून पोहोचतो, आणि हे तुकडे मुख्यतः इंग्रजी मजकुरावरून ठरलेले असतात. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइट घेते, त्यामुळे वरचा एकच शब्द १७ चिन्हांचा आणि ५१ बाइटांचा होतो. त्याचे जे बारीक तुकडे पडतात त्यांचा कोणत्याही आकाराशी संबंध मॉडेलने क्वचितच पाहिलेला असतो. २०२४ मध्ये आलेली काही मॉडेले प्रत्येक घरासाठी चारऐवजी १६ आकडे ठेवतात आणि इंग्रजीतील छोटे शब्द बरेचदा नीट लिहितात. मात्र मराठी जोडाक्षरांसाठी त्यांच्यावर विसंबून पाटी करावी असे मला वाटत नाही. इनपेंटिंगच्या साधनात `Only masked` हा पर्याय निवडला तर पाटीचा भाग मोठा करून रंगवला जातो आणि रेषा स्वच्छ येतात. स्पेलिंग मात्र त्याने सुधारत नाही.

म्हणून कामाची विभागणी करावी : एआयकडून फक्त कोरी पाटी घ्यावी आणि अक्षरे स्वतः टंकावीत. मूळ फोटो ४००० पिक्सेल रुंद होता. त्यातून पाटीभोवतीचा १५०० × १५०० चा चौकोन मी कापून घेतला आणि जुन्या अक्षरांसह पाटीचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग मास्क केला, कारण जुन्या अक्षराची एखादी कड मास्कबाहेर राहिली तर मॉडेल तिलाच धरून पुन्हा अक्षरे काढू लागते. सूचनेत ‘पाटी’ या अर्थाचा शब्द टाळावा. पाटी म्हटले की अक्षरे येतातच. मी फक्त लाकूड आणि रंग सांगितला :

```
weathered wooden plank, flat blue paint
```

नकारात्मक सूचनेच्या चौकटीत `text, letters` एवढे पुरले. मिळालेला तुकडा मूळ आकाराला आणून गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फोटोवर वेगळा लेअर म्हणून ठेवावा, त्याला काळा लेअर मास्क द्यावा आणि फक्त पाटीवर पांढऱ्या ब्रशने तो उघडावा. ही पायरी गाळू नये. दाबून पुन्हा उलगडताना मास्कबाहेरचा भागही किंचित बदललेला असतो. आमच्या फोटोत दारावरचा घरक्रमांक त्यामुळे विरघळल्यासारखा झाला होता.

आता अक्षरे. गिंपच्या मजकूर साधनात ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा ‘मुक्ता’ यांसारखा युनिकोड फॉन्ट घ्यावा आणि साधनाच्या पर्यायांत भाषा मराठी ठेवावी. काही फॉन्टमध्ये त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे येतात. टंकल्यावर तीन जागा तपासाव्यात. ‘नि’ची वेलांटी ‘न’च्या आधी दिसली पाहिजे, ‘न्या’ पाय न मोडता जोडून आला पाहिजे, आणि ‘ऱ्या’वर रफार न येता पापणीसारखा अर्धा र दिसला पाहिजे. वेलांटी नंतर दिसत असेल तर ते सॉफ्टवेअर देवनागरीची जुळणी करत नाही, ते बदलावे. वेलांटी आधी टंकून वेळ मारून नेणारे लोक मी पाहिले आहेत, पण तो मजकूर पुढे कुठेही नीट वापरता येत नाही. रफार येत असेल तर चूक आपल्या टंकनाची असते : इथे साधा र न टंकता ‘ऱ’ हे वेगळे चिन्ह लागते, जे इनस्क्रिप्ट कळफलकावर `Shift+J` ने मिळते. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ यांत जो फरक आहे तो याच चिन्हाचा, आणि न्याहारी देणाऱ्या घराला तो कधीतरी लागणारच.

मजकूर तपासून झाल्यावर त्या लेअरची एक प्रत लपवून ठेवावी, कारण पुढे `Perspective` साधनाने अक्षरे तिरपी केल्यावर शब्द दुरुस्त करायला गेले की तो तिरपेपणा हातचा जाऊ शकतो. शिरोरेषा पाटीच्या वरच्या कडेशी जुळवावी. तिरपेपणातली चूक देवनागरीत याच रेषेवर लगेच उघडी पडते. शुद्ध पांढरा रंग वापरू नये, फोटोतल्याच एखाद्या पांढऱ्या वस्तूवरून, मी खिडकीच्या चौकटीवरून, रंग उचलावा. लेअरची अपारदर्शकता ९० टक्क्यांच्या आसपास ठेवली तर लाकडाचा पोत थोडा खालून दिसतो; अक्षरे गडद असतील तर `Multiply` अधिक चांगले. शेवटी `Gaussian Blur` ०.७ पिक्सेलच्या आसपास द्यावा आणि १०० टक्के आकारात अक्षराची कड खिडकीच्या गजाच्या कडेशी ताडून पाहावी. दोन्ही सारख्याच मऊ दिसल्या की थांबावे. सावली देऊ नये, रंगवलेल्या अक्षराला सावली नसते.

यानंतर तो फोटो पुन्हा कोणत्याही एआय साधनातून, मोठा करण्यासाठीसुद्धा, काढू नये. आमच्या घरमालकांनी तो एका ॲपमध्ये ‘अधिक स्पष्ट’ करून घेतला आणि ‘न्याहारी’चा अर्धा न पुन्हा बुजला. मी त्यांना मूळ पीएनजी फाइल परत पाठवली, या वेळी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून.