समोरच्याला काय खेळायचंय?

प्रश्न: ऑनलाइन बुद्धिबळात रॅपिडमध्ये १५०० रेटिंगच्या आसपास अडकलोय. सगळे सांगतात, 'आपली चाल ठरवण्याआधी समोरच्याला काय खेळायचंय ते बघ.' घड्याळ चालू असताना प्रत्येक चालीला हे करायचं कसं? आणि असं खेळून माणूस भित्रा होत नाही का?

'भित्रा' हा शब्द वाचला आणि लिहायला बसलो. बरोबर अठरा वर्षांपूर्वी हाच शब्द माझ्या मोठ्या भावाने मला ऐकवला होता, तोही हरलेल्या डावानंतर स्पर्धेच्या हॉलबाहेर चहा पिताना.

खुली स्पर्धा होती, लांब वेळेचे डाव. मी काळ्याकडून. मधल्या डावात एक प्यादं गेलं आणि शेवटी हत्तीचं एन्डिंग उरलं. सगळी प्यादी राजाच्या बाजूला. पांढऱ्याची चार: e3, f2, g3, h2. माझी तीन: f7, g6, h7. त्याचा राजा g2 वर, हत्ती b5 वर. माझा राजा g7 वर, हत्ती a4 वर. चाल माझी. पट असेल तर मांडून बघा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

एक प्यादं कमी असलं तरी हे एन्डिंग बरोबरीचं मानतात हे मला माहीत होतं. दादाने लहानपणापासून एकच मंत्र दिला होता: हत्तीच्या एन्डिंगमध्ये हत्ती जिवंत ठेव, समोरच्याच्या पाठीमागे घुसव. मंत्र खोटा नाही. मी चाळीस सेकंदांत हत्ती a2 वर नेला. दुसऱ्या रांगेत घुसला, f2 वर डोळा, देखणा दिसत होता. घड्याळात अकरा मिनिटं शिल्लक होती, म्हणजे घाईचं कारण नव्हतं.

त्याने g4 खेळलं. झालं.

म्हणजे 'झालं' हे मला तेव्हा कळलं नाही, पंधरा चालींनी कळलं. पांढऱ्याला त्या स्थितीत नेमकी एकच गोष्ट हवी होती: g4 करून राजाच्या बाजूला जागा घ्यायची. एकदा g4 बसलं की माझं h-प्यादं h5 वर जाऊ शकत नाही. गेलं तर तो g4 ने मारतो, मी g6 ने परत मारतो आणि b5 वरचा हत्ती पाचव्या रांगेतून सरळ येऊन h5 उचलतो. म्हणून मी h6 केलं. मग त्याचा राजा g3 वर आला, h-प्यादं h4 वर, नंतर f आणि e सावकाश पुढे. माझं h6 उघडं पडलं, त्याला सांभाळायला तोच देखणा हत्ती मागे यावा लागला. मागे आलेला हत्ती पुन्हा बाहेर पडला नाही. सत्तराव्या चालीच्या आसपास e6 चा धक्का बसला आणि मी हात पुढे केला.

आता हत्ती a2 ऐवजी मी साधं h5 खेळलो असतो तर? g6 चा आधार असल्यामुळे प्यादं तिथे पक्कं बसतं. पांढऱ्याला g4 हवंच असेल तर आधी h3 करावं लागतं, मग g4, आणि मी h-प्याद्याने मारतो, तो h-प्याद्याने परत मारतो. प्याद्यांची एक जोडी पटावरून गेली. चार विरुद्ध तीनचं तीन विरुद्ध दोन झालं. बचाव करणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, कारण प्यादी जितकी कमी तितकी बरोबरी सोपी. म्हणजे h5 ने g4 वर कायमची बंदी येत नाही, फक्त त्याची किंमत वाढते. तुमच्या प्रश्नातला खरा मुद्दा हाच आहे. समोरच्याची चाल अशक्यच करावी लागते असं नाही, ती महाग केली तरी पुष्कळ झालं.

चहाच्या टपरीवर मी दादाला म्हटलं, "h5 करायला हवं होतं." तो म्हणाला, "तू मुळात भित्रा आहेस. हत्ती आत घातलास ते बरोबर केलंस, नंतर मागे का घेतलास?" त्यावरून जी जुंपली ती आजतागायत सुरू आहे.

घरी येऊन पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की मी काही पहिला बळी नाही. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांका विरुद्ध येट्स हा डाव जवळजवळ ह्याच एन्डिंगचा आहे. येट्सनेही वेळेवर h5 केलं नाही, कापाब्लांकाने g4 खेळलं आणि पुढे डाव जिंकला. एन्डिंगच्या जुन्या पुस्तकांतून हा डाव ह्याच कारणासाठी मुलांना दाखवतात. दादाला दाखवला. तो म्हणाला, "समोर कापाब्लांका असेल तर कोणीही हरेल." आता ह्यावर काय बोलणार!

ह्या विचारपद्धतीला 'प्रोफिलॅक्सिस' हे भारदस्त नाव रूढ केलं निम्झोविचने. पुढे पेट्रोशियन आणि कार्पोव्ह ह्यांनी त्यावर जगज्जेतेपदं भूषवली, आणि डव्होरेत्स्कीसारख्या प्रशिक्षकाने आपल्या शिष्यांना हा प्रश्न अक्षरशः घोटून घ्यायला लावला. ही सगळी माणसं भित्री होती असं म्हणायचं असेल तर आनंद आहे.

कार्पोव्हचा एक डाव तर बघाच: १९७४, नीसचं ऑलिम्पियाड, समोर उंझिकर. रुय लोपेझ. पटावर एकच उघडी फाइल, a-फाइल. उंझिकरला काय हवंय? त्या फाइलवर हत्तींची मारामारी करून सगळे हत्ती उडवायचे, म्हणजे कोंडलेल्या स्थितीत श्वास घेता येईल. कार्पोव्ह चोविसाव्या चालीला उंट e3 वरून a7 वर नेऊन ठेवतो. आपल्याच हत्तीची फाइल आपल्याच उंटाने बंद! पहिल्यांदा बघताना मला छापण्यातली चूक वाटली होती. पण उंटामागे a2 वरचा हत्ती आहे, त्यामुळे उंट सुरक्षित. काळ्याला मारामारी करता येत नाही आणि पांढरा आडोशाला निवांत दुसरा हत्तीही a-फाइलवर आणतो. उंट हलवून फाइल कधी उघडायची हे फक्त पांढऱ्याच्या हातात. त्या धाकाने काळ्याच्या सोंगट्या तिकडे जखडल्या आणि कार्पोव्ह दुसऱ्या बाजूला f4, f5 करत राजावर गेला. जिंकला. ह्यात भित्रं काय आहे? मला तर ह्यापेक्षा निर्दयी चाल सुचत नाही.

आता 'कसं करायचं'. मी एकच युक्ती वापरतो. समोरच्याची चाल झाली की मनात म्हणतो, 'मी पास.' समजा माझी चाल मी सोडून दिली, तर तो लगेच काय खेळेल? मोघम 'हल्ला करेल' हे उत्तर चालत नाही, नेमकं घर सांगता आलं पाहिजे. माझ्या त्या डावात मी पास म्हटलं असतं तर पाच सेकंदांत g4 दिसलं असतं, कारण पांढऱ्याकडे दुसरं करण्यासारखं फार काही नव्हतंच. त्यानंतरचा प्रश्न: ते त्याने खेळलं तर माझी स्थिती खरंच बिघडते का? बिघडत नसेल तर त्याला खेळू द्या, आपलं काम करा. बिघडत असेल तर मग बघा की ते महाग करणारी आणि आपलंही काही सुधारणारी चाल आहे का.

हा दुसरा प्रश्न विसरल्यामुळे मी त्या पराभवानंतर वर्षभर हास्यास्पद खेळलो. प्रत्येक डावात h6, a6, जे नव्हतंच त्याला कुलूप. एका डावात समोरच्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं आणि मी माझ्या कॅसल केलेल्या राजासमोर सवयीने h6 केलं. कशाला? तर उंट g5 वर येऊ नये म्हणून. त्याला g5 वर उंट नकोच होता. त्याला g-प्यादं हाकायचं होतं, आणि माझ्या h6 मुळे g5 आल्यावर त्याला आयती धडक मिळाली, फाइल उघडली. तेविसाव्या चालीत मात. दादा तेव्हाही हजर होता. काही बोलला नाही, फक्त हसला, ते जास्त लागलं.

वेळेचं म्हणाल तर प्रत्येक चालीला हे करत बसू नका. जिथे मारामारी चालू आहे, शह आहे, तिथे सरळ हिशेब करायचा. 'पास' विचारायचं ते समोरच्याने प्यादं हलवल्यावर, सोंगट्यांची अदलाबदल झाल्यावर, आणि मुख्य म्हणजे 'आता काय खेळू' असा रिकामा क्षण येतो तेव्हा. अशा वेळा एका डावात चारपाच येतात. दहा मिनिटांच्या डावात तेवढ्यांना पंधरापंधरा सेकंद सहज पुरतात. तीन मिनिटांच्या ब्लिट्झमध्ये मी स्वतःसुद्धा करत नाही, तिथे फक्त 'ह्या चालीने काय मारतोय' एवढंच बघतो.

सवय लावायला इंजिन उघडण्याआधी आपला हरलेला एखादा डाव घ्या आणि समोरच्याच्या प्रत्येक शांत चालीवर थांबून, पुढची चाल न बघता, त्याच्या मनातलं घर कागदावर लिहा. मी केलं तेव्हा पहिल्या डावात अकरापैकी तीन बरोबर आली होती. हल्ली निम्म्याच्या वर येतात.

आणि दादा हे उत्तर वाचणार आहे, त्याचा मेसेज येण्याआधीच लिहून ठेवतो: हो, g4 नंतरही ते एन्डिंग तत्त्वतः वाचवता आलं असतं, आणि हो, हत्ती मागे घेणं ही माझी दुसरी चूक होती. गेल्या दिवाळीत आपण तीच स्थिती मांडून खेळलो तेव्हा तू पांढऱ्याकडून g4 करूनही जिंकला नाहीस. पण मला बरोबरीसाठी दीड तास घाम गाळावा लागला. नंतर बाजू बदलून तू काळा घेतलास तेव्हा पहिलीच चाल काय खेळलास, ते इथे कमेंटमध्ये सगळ्यांना सांग.