‘आता आपण गोळी घेऊ या हं’: या ‘आपण’चं काय करायचं?

प्रश्न: “आईचं वय ८२. कान थोडे मंद, बाकी सगळं व्यवस्थित. तिची काळजी घ्यायला येणाऱ्या ताई मनाने फार चांगल्या आहेत, पण बोलताना सूर लावतात: ‘आता आपण गोळी घेऊ या हं! शहाणं बाळ ते!’ आई चिडते, म्हणते, मी काय तान्ही आहे? याला एल्डरस्पीक म्हणतात असं ऐकलं. मराठीत काय म्हणायचं? आणि प्रेमाने बोललेलं इतकं का लागावं?”

मराठीत रुळलेला शब्द नाही. मी ‘वृद्धांशी बाळबोली’ म्हणतो, आणि त्याला आधार आहे. मानसशास्त्रज्ञ लिंडा कॅपोरेल यांनी १९८१ मध्ये वृद्धाश्रमातल्या सेविकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि शब्द कळणार नाहीत, फक्त सूर ऐकू येईल असं करून ते लोकांना ऐकवलं. वृद्धांशी लावलेला असा लाडिक सूर आणि लहान मुलांशी बोलतानाचा सूर ऐकणाऱ्यांना वेगळे ओळखता आले नाहीत. म्हणजे तुमच्या आईंच्या कानावर पडतं ते खरोखरच बाळाशी बोललेलं असतं. ताईंच्या मनात काय आहे, हे त्या सुरात ऐकू येत नाही.

सुराइतकाच बोचतो तो ‘आपण’. मराठीत ‘आपण बसा’ म्हटलं की मान दिला जातो, आणि ‘आपण बसू या’ म्हटलं की बोलणारा स्वतःला सोबत घेतो. ‘आपण गोळी घेऊ या’ मध्ये सोबत घेतल्याचं फक्त रूप आहे. गोळी गिळायची आहे ती एकट्या आईंनी. निर्णय ताईंचा, कृती आईंची, आणि वाक्य मात्र दोघींच्या नावावर. अशा वाक्याला ‘नको’ म्हणायला जागा उरत नाही. जी काही उरते ती पुढचा ‘हं’ बंद करतो, कारण तो होकार गृहीत धरूनच आलेला असतो. ‘आपण दोघी खिडकीपर्यंत चालू या’ या वाक्यात मात्र काहीच खटकत नाही, कारण तिथे ताई खरंच सोबत चालणार असतात.

मग ‘शहाणं बाळ ते’. मोठ्या माणसाला नपुंसकलिंगात बोलवण्याची ही लकब लाडाची खरी, पण लाड आणि मान एकाच वाक्यात क्वचितच मावतात. शिवाय गोळी घेतल्याबद्दल शाबासकी द्यायची, तर ती देणारा आपोआपच वरच्या पायरीवर जाऊन बसतो.

‘पण सोपं करून बोललं तर कळायला बरं पडतं ना?’ असं विचारलं जातं. थोडंफार खरं आहे, पण यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. सुझन केंपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ज्येष्ठांना तोंडी सूचना ऐकून नकाशावर रस्ता दाखवायला सांगितला आणि बोलण्यातला एकेक गुण स्वतंत्रपणे तपासला. वाक्यात वाक्य गुंफलं नाही आणि मुद्दा थोडा खुलवून सांगितला, की समजायला मदत झाली. फार तोकडी वाक्यं, मुद्दाम संथ बोलणं आणि उंच पट्टीतला आवाज यांनी काही साधलं नाही, उलट उंच पट्टीने अडचण वाढली. वयाबरोबर साधारणपणे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’ यांसारखी व्यंजनं तिथेच हरवतात. स्वर ताणून हेल काढल्याने ती परत येत नाहीत.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर काहीच कळत नाही, मग काय बिघडलं, असंही काही जण म्हणतात. क्रिस्टीन विल्यम्स यांनी २००९ मध्ये अशा २० जणांच्या शुश्रूषेची चित्रफीत तपासली. साध्या प्रौढ बोलण्यावर विरोधाची शक्यता २६ टक्के होती, बाळबोलीवर ती ५५ टक्क्यांपर्यंत गेली. हात झटकणं, तोंड फिरवणं, ओरडणं हा विरोध. ज्याला आपण ‘हट्ट’ म्हणतो, त्यातला काही भाग आपल्याच सुराचा असू शकतो.

ताईंना काय सांगावं? त्यांना दोष न देता पर्यायी वाक्य द्या. ‘आता आपण गोळी घेऊ या हं’ ऐवजी: ‘काकू, ही रक्तदाबाची गोळी. पाणी इथे ठेवलंय.’ समोर येऊन, तोंड दिसेल असं, नेहमीच्या पट्टीत आणि स्पष्ट. नाव आणि कारण सांगितलं की मुद्दा खुलतो आणि वाक्यंही सरळ राहतात. इथे ‘घ्याल का?’ विचारू नका, कारण नकार मान्य होणार नसेल तर तो प्रश्नही खोटाच. निवड असेल तिथे मात्र ती खरी द्या: ‘आंघोळ आत्ता करायची की चहा झाल्यावर?’ आणि ‘चहा झाल्यावर’ असं उत्तर आलं, तर थांबायचं.

‘काकू’ की ‘आजी’, हे आईंनाच विचारा. काहींना ‘आजी’ आवडतं, आणि तसं असेल तर त्यात काही गैर नाही. आवडत नसेल, तर ताईंना ते आईंच्या तोंडून कळलेलं बरं.