‘काडी’ म्हणवली गेलेली मुलगी आणि यंदाचं परिपत्रक

माई, मी शाळेत पीटी शिकवते. गेल्या वर्षी बीएमआय तपासणीत मी वजनं मोठ्याने सांगत गेले, वर्गशिक्षिका लिहून घेत गेल्या. पाचवीतल्या एका मुलीच्या कार्डावर ‘अंडरवेट’ लिहिलं गेलं. वय नुकतंच दहा पूर्ण, उंची 137 सेंटिमीटर, वजन साडेतीस किलो. वर्ग तिला ‘काडी’ म्हणू लागला, आई बळेच भरवू लागली, आणि ती मैदानावर यायची बंद झाली. यंदाचं पालकांसाठीचं परिपत्रक हेडसरांनी मलाच लिहायला सांगितलंय. हात धजत नाही. काय लिहू?

प्रिय बाई,

आधी त्या मुलीचा हिशेब करू. वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. 30.5 ला 1.37 ने भागलं आणि उत्तराला पुन्हा 1.37 ने, की साधारण 16.2 येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात दहा वर्षांच्या मुलींचा मधला आकडा 16.6 आहे. 13.5 च्या खाली गेलं तर कृश म्हणतात, 19 च्या वर गेलं तर वजन जास्त. म्हणजे तुमची ‘काडी’ जवळपास मधोमध आहे. मग कार्डावर ते कसं आलं? बहुधा मोठ्या माणसांचा तक्ता लावला गेला. त्यात 18.5 च्या खाली सगळे ‘अंडरवेट’. वाढत्या मुलांचा बीएमआय वयानुसार बदलतो, मुलगा आणि मुलगी यांचा वेगळा असतो, म्हणून जन्मतारखेशिवाय तो आकडा वाचताच येत नाही.

तेव्हा कोणता तक्ता वापरणार, हे परिपत्रकात नाव घेऊन लिहा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे तक्ते 5 ते 18 वयासाठी आहेत. आपल्याकडच्या मुलांना कमी बीएमआयलाच चरबीचे त्रास सुरू होऊ शकतात, म्हणून त्यांतली जास्त वजनाची रेषा खाली ठेवली आहे. कोणता घ्यायचा ते शाळेच्या डॉक्टरांना ठरवू द्या, पण सगळ्यांना एकच लावा.

तपासणी कशासाठी, हे सरळ सांगा: ‘वाढ अपेक्षेप्रमाणे होते आहे का, हे पाहण्यासाठी आपण उंची आणि वजन मोजतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. आकडा रेषेबाहेर गेला तर डॉक्टरांना दाखवावं, एवढाच त्याचा अर्थ.’ स्नायू किती आणि चरबी किती, हे बीएमआयला कळत नाही, आणि वयात येताना तो झपाट्याने बदलतो, हेही एका ओळीत येऊ द्या. मोजल्याने मुलांचं वजन आटोक्यात येईल, असं वचन मात्र देऊ नका. कॅलिफोर्नियात 79 शाळांमध्ये हे पडताळून पाहिलं. पालकांना बीएमआयचे अहवाल पाठवून मुलांच्या वजनात फरक पडला नाही, उलट शाळेत वजन झालेल्या मुलांची स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी वाढली. म्हणून मोजण्याची रीत ही माझ्या मते आकड्याइतकीच मोठी गोष्ट आहे.

ती रीत पालकांना लिहून कळवा. एका वेळी एकच मूल, पडद्याआड किंवा वेगळ्या खोलीत. चपला-बूट काढून, अंबाडा सोडून, स्वेटर उतरवून. उंची दोनदा घ्यायची. दोन सेंटिमीटरची चूक त्या मुलीचा आकडा 16.2 वरून 15.8 वर नेते. आकडा मोजणाऱ्याने स्वतः लिहायचा, तोंडाने उच्चारायचा नाही. पालक नको म्हणाले किंवा मूल ऐनवेळी कचरलं, तर मोजायचं नाही, आणि कारणही विचारायचं नाही.

निकालाबद्दल माझा आग्रह आहे: बंद पाकीट, आणि ते प्रत्येक मुलाच्या पालकांना. फक्त रेषेबाहेरच्यांना दिलंत तर पाकीट हातात पडताच वर्गाला सगळं कळतं. पालकसभेत हातात देणं उत्तम, दप्तरातून पाठवू नये. प्रगतिपुस्तकावर नको, व्हॉट्सॲप गटावर तर मुळीच नको. आत आकडा, वयानुसार तो कुठे बसतो ते, आणि गरज असल्यास ‘बालरोगतज्ज्ञांना दाखवा’. ‘जाड’, ‘बारीक’ असे शब्द नकोत. डबा कमी करा, भात बंद करा, असे सल्लेही नकोत. वाढत्या मुलाची उपासमार होते. नोंदवही कोणाच्या कपाटात राहील आणि कोण पाहू शकेल, तेही लिहा.

पण परिपत्रक वाटण्याआधी त्या मुलीच्या आईला भेटा. फोन नको, समोर बसा. कागदावर हा हिशेब मांडून दाखवा, दहा वर्षांच्या मुलींची ओळ दाखवा, आणि चूक शाळेची झाली असं स्पष्ट म्हणा. बळेच भरवणं थांबवायला सांगा; तरी त्यांना शंका राहिली तर डॉक्टरांकडे एकदा वाढ तपासून घेऊ द्यात. दुरुस्त केलेलं कार्डही त्याच वेळी द्या. आणि मुलीला मैदानावर लगेच ओढू नका. आधी तिला एकटीला गाठून सांगा, तुझं वजन तेव्हाही ठीक होतं, मी चुकीचा तक्ता वापरला.

तुमची,
माई